दोन तिकिटं, चार माणसं

आमच्या काकांना गिऱ्हाईक 'कापरे' म्हणायचं. आडनाव नव्हे ते. तिकिटाचे पैसे कापून देणारा म्हणून कापरे. तीस वर्षं विमानाची तिकिटं काढली त्यांनी, आणि शेवटची सहा वर्षं मी, त्यांची सख्खी पुतणी, शेजारच्या टेबलावर बसून त्यांची बडबड ऐकली. माणूस सोन्यासारखा, पण फुशारकी? विचारू नका!

त्या दिवशी एक बाई आल्या. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात अतिदक्षता विभागात होता. डॉक्टर म्हणाले होते, आईला घेऊन लवकर या. आई, त्या स्वतः, त्यांचा नवरा आणि धाकटा भाऊ, असे चौघं उद्या संध्याकाळच्या विमानानं जाणार होते.

"एकट्याचं बघितलं तर सहा हजार चारशे," बाई फोन पुढं करत म्हणाल्या. "चौघांचं बघितलं की माणशी नऊ हजार दोनशे! ही काय लूट आहे?"

काकांची कळी खुलली. "लूट नाही हो. विमानात सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. स्वस्तातल्या थोड्या, मग वरचा भाव. तुम्ही चार मागितल्या की संगणक चारही एकाच भावात शोधतो. स्वस्तातल्या दोनच उरल्या असतील, तर त्या तिथंच राहतात आणि चौघांच्या माथी वरचा भाव बसतो. हे बघा." त्यांनी दोघांचं शोधलं, सहा चारशे. तिघांचं शोधलं, नऊ दोनशे. "दोनच आहेत. ते दोघं वेगळे काढू, बाकीचे दोघं वेगळे. पाच हजार सहाशे वाचले!"

"पण आम्ही एकत्रच राहू ना?"

"विमान तर एकच आहे!"

मी म्हटलं, "काका, म्हातारं माणूस आहे. चौघांचं एकच काढा." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प बसले. का बसले, देव जाणे.

पहिलं, स्वस्तातलं तिकीट आई आणि धाकट्याचं निघालं. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. तिकिटं वेगळी काढली, की प्रत्येकात दुसऱ्याचा क्रमांक शेऱ्यात लिहायचा, म्हणजे विमान कंपनीच्या माणसाला कळतं की ही माणसं बरोबरची आहेत. हमी नसते, पण माणूस निदान विचार करतो. गोम अशी, की पहिलं तिकीट काढताना दुसऱ्याचा क्रमांक जन्मालाच आलेला नसतो. दुसरं झालं की परत मागं जाऊन पहिल्यात लिहावा लागतो. काका दुसरं काढून हात झटकत उठले आणि बाईंना सांगत बसले, की अमक्याचे किती वाचवले नि तमक्याचे किती. मागं गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संदेश आला. मोठ्या विमानाऐवजी छोटं येणार होतं, काही प्रवासी उद्या पहाटेच्या विमानात टाकले होते. एक तिकीट हललं होतं, दुसरं जागेवर होतं. हललेलं तिकीट आई नि धाकट्याचं होतं.

काकांनी कंपनीला फोन लावला. "चौघं एकत्र आहेत हो!"

"या तिकिटात दोघंच दिसतात. शेरा काहीच नाही. आता विमान भरलं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई विमानतळावर रडल्या, माझ्या जागी आईला पाठवा म्हणाल्या. पण एकाच्या तिकिटावर दुसरं माणूस जात नाही. शेवटी आईच म्हणाली, तू तरी पुढं हो. बाई नि नवरा गेले. आई धाकट्याबरोबर पहाटे निघून सकाळी नऊला पोचली. थोरला सहालाच गेला होता. रात्रभर शुद्धीत होता म्हणे, आणि आईलाच विचारत होता.

त्यानंतर काका फोन वाजला की दचकायचे. जेवणावरची वासना उडाली. मीही रोज दाराकडं बघायची, आज येतील, आज जाब विचारतील.

महिन्यानं आल्या. आई आणि बाई. आई खुर्चीच्या कडेवर बसली, लेक दाराशीच उभी राहिली.

"एवढंच विचारायचंय," आई म्हणाली. "माझंच तिकीट मागं का राहिलं?"

"कंपनीचा कारभार, आई. विमान बदललं..."

"कंपनीला काय ठाऊक, कोण आई नि कोण लेक? हिनंच स्वतःला पुढं घालून घेतलं असणार. भावाच्या शेवटच्या क्षणी हिला एकटीलाच त्याच्याजवळ राहायचं होतं."

मी दाराशी उभ्या लेकीकडं पाहिलं. हे ऐकायची सवय झालेला चेहरा होता तो. मला काकांचा असा राग आला, की मी टेबलावर हात आपटला. "सांगा! नाहीतर मी सांगते!"

काका उठून उभे राहिले. "आई, हिचा काही दोष नाही. चौघांचं तिकीट मी तोडलं. तुमच्या तिकिटात हिचा क्रमांक लिहायचा मी विसरलो. लिहिला असता, तर त्यांनी कदाचित एकत्र ठेवलं असतं."

"कशासाठी तोडलंत?"

"पैसे वाचवायला. पाच हजार सहाशे."

आई लेकीकडं वळली आणि परत आमच्याकडं फिरली.

"पाच हजार सहाशे," ती शेवटी आम्हालाच म्हणाली. "आणि मी महिनाभर हिच्याशी बोलले नाही."