तीन फुटांच्या टेबलावरचा चार्ट

रुग्णालयातल्या शहाऐंशी नर्सेसच्या ड्युट्या लावणाऱ्या बाईला सगळ्या चार्टताई म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे काय, ते तिने कधी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत तिने एवढं शिकून घेतलं होतं की चार्ट चांगला लागला तर कुणी फोन करत नाही, आणि चुकला तर सगळ्या करतात. आठवड्यातले चार दिवस ती घरूनच काम करी. समोर दोन मॉनिटर. डाव्यावर महिन्याचा चार्ट, उजव्यावर रजेचे अर्ज, मेल, धाकट्या भावाशी चाललेल्या गप्पा. उजवा तिने जरासा स्वतःकडे वळवून ठेवला होता. मान कमी वळवावी लागायची, दुसरं काही कारण नव्हतं.

वडिलांना रुग्णालयातून घरी आणायचं ठरलं आणि जागेचा प्रश्न आला. वरखाली होणारी खाट भाड्याने आणली, ती मावत होती फक्त तिच्या कामाच्या खोलीत. सुताराने पाच फुटांचं टेबल कापून तीन फुटांचं केलं. दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवले की साडेतीन फुटांच्या वर जात. एकाचा कोपरा खाटेच्या कठड्यावर आपटायचा.

ती दुकानात गेली. दुकानदार बोलका होता. "एकावर एक लावा की. दांडा देतो."

"वरच्याकडे बघून बघून मान मोडेल माझी."

"मग हा लांबडा घ्या. दोन फूट आठ इंच. मधे फट नाही, वायर एकच." मग दुकानदारालाच आपल्या प्रामाणिकपणाचा उमाळा आला. "पण खरं सांगू? याच्या पैशात साधे तीन येतील. दोनांतला एक बिघडला तर दुसऱ्यावर काम भागतं. हा गेला की सगळंच गेलं. आणि लॅपटॉपला झेपतो का ते आधी बघा."

लॅपटॉपला झेपत होता. जागेपुढे पैशाचं काही चालेना. ती लांबडा घेऊन आली.

पहिले दोन दिवस तिने त्याला शिव्या घातल्या. जुन्या सवयीने विंडो मोठी केली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायची. चार ओळींचं मेल वाचायला मान डावीकडून उजवीकडे न्यावी लागे. दोन मॉनिटर होते तेव्हा ज्याची त्याची हद्द ठरलेली होती. इथे हद्द आपणच आखायची. तिने आखली, पडद्याचे तीन भाग केले. डावीकडच्या दोन भागांत चार्ट, उरलेल्या उजव्या भागात बाकीचा पसारा. आणि मग चार्टाकडे बघून ती खुर्चीत मागे रेलली. एक तारखेपासून एकतीसपर्यंत सगळे रकाने एका नजरेत! पूर्वी सव्वीस तारखेनंतर सरकवावं लागे, आणि दोन्ही मॉनिटरवर ताणला तर नेमकी पंधरा-सोळाच्या मधे काळी कड यायची.

"हा आमच्यासारखा झाला," मागून वडील म्हणाले.

त्यांची खाट तिच्या मागे, उजव्या अंगाला होती. बस डेपोत तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या होत्या, त्या भिंतीवरच्या मोठ्या कागदावर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना दूरचं लख्ख दिसे आणि हातातला पेपर मात्र धूसर. तिने स्वतःच्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केली होती, ती त्यांनाही पुरली.

"वरून सातवी. नऊ तारखेला रात्रपाळी आणि दहाला सकाळ? मारायचीय का तिला?"

तिने पाहिलं. खरंच चुकलं होतं. त्या दिवसापासून त्यांची जोडी जमली. ती भरायची, ते तपासायचे. जी नर्स दर सोमवारी आजारी पडायची तिचं नाव त्यांनी 'सोमवार' ठेवलं होतं. "सोमवार काय म्हणतोय आज?" असं विचारून स्वतःच हसायचे, मग खोकला यायचा. जेवण दोन घासांवर आलं होतं, पण चार्टाला बसायचं म्हटलं की खाट वर करायला सांगत. आपले वडील इतके गमतीचे आहेत हे तिला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. डेपोतून घरी येणारा माणूस थकलेला असायचा, आणि तिलाही कधी त्याच्याशी बोलायला वेळ नसायचा. याचं तिला फार वाईट वाटे.

वडिलांना सांगितलं होतं की औषध लागू पडतंय, अंगात ताकद यायला वेळ लागेल. डॉक्टरांनी खरं काय ते तिला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं. घरी येऊन तिने ते भावाला लिहिलं, पडद्याच्या उजव्या भागात, रोजच्यासारखं. फोनवर बोलली असती तर वडिलांना ऐकू गेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. वाकून, गुपचूप.

महिनाअखेर आली. पुढच्या महिन्याचा चार्ट लावायला घेतला. नर्सेसची नावं संपली की खाली कार्यालयातल्या चौघांची, त्यात तिचंही नाव. तिने स्वतःपुढे सगळे दिवस भरून टाकले, नेहमीसारखे.

"शेवटची ओळ चुकली," वडील म्हणाले.

"कुठे? माझीच तर आहे."

"रजा कुठाय तुझी? आठ तारखेपासून टाक."

"मला कशाला रजा? तुम्ही बरे होताय, मी घरूनच तर काम करते."

वडील म्हणाले, "भावाला लिहिलंस ना. 'महिना, फार तर दीड. बाबांना सांगू नकोस, ये लवकर.' ते वाचलं मी. अठरा दिवस झाले."

तिला मागे वळवेना. पडद्यासमोर ती बसलेली असली तरी वर केलेल्या खाटेवरून त्यांना तिच्या खांद्यापलीकडचा चार्ट दिसायचा. उजवा भाग तर सरळच दिसत होता. आधीचा वळवलेला मॉनिटर असता तर त्यांना त्याची कड दिसली असती, अक्षरं नाही. अठरा दिवस हा माणूस एकटा हे घेऊन पडून होता, आणि ती त्याला रोज सांगत होती की चेहऱ्यावर तजेला आलाय.

"मग बोलला का नाहीत, बाबा?" ती रडत होती, आणि रागावलीही होती.

"बोललो असतो तर तू पडदा फिरवला असतास. मग मला चार्ट कुठून दिसला असता?"

तिने खुर्ची वळवली आणि कठड्यावर डोकं टेकलं. त्यांचा हात तिच्या केसांवर आला. हाताला वजनच नव्हतं.

"रडून झालं की भर," ते म्हणाले. "आयत्या वेळी रजा मागणाऱ्याचा मला फार राग यायचा. बदली माणूस कुठून आणायचा?"

तिने डोळे पुसले आणि आपल्या ओळीत आठ तारखेपासून रजेचा 'र' टाकायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. ते मागून बघत होते. बावीसला ती थांबली.

"अजून चार टाक," वडील म्हणाले. "माझं झालं की लगेच कामाला बसू नकोस."

तिने चार टाकले.