मुसकं बांधलेली शेळी

दगडाबाईच्या कळपात मेंढरं ढीगभर, पण वाट दाखवायची ती एकटी शेळी, काजळी. मेंढरांची रीतच तशी, मान खाली घालून पुढच्याच्या मागं जायचं. म्हणून धनगर कळपात दोन-चार शेळ्या ठेवतोच; पोरांना दूध होतं आणि कळपही चालतो.

लगीन होऊन आली तेव्हापासून दगडाबाई असंच शेळी पुढं घालून वाळूजकडच्या सातारा गावच्या डोंगरापायथ्याच्या पाझर तलावावर मेंढरं न्यायची. वाट जुनी, गाडीवाटेची, कडुबाच्या रानातून जाणारी. कडुबा दर उन्हाळ्यात स्वतः निरोप धाडायचा, मेंढरं आमच्या रानात बसवा म्हणून. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत व्हायचं, आणि दगडाबाईच्या पालात ज्वारी यायची.

मग कडुबा गेला. शहर डोंगराला वळसा घालून अलीकडं आलं. कडुबाच्या पोरानं, बद्रीनाथनं, रानाचे प्लॉट पाडले, रंगीत झेंडे लावले. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं वाटेवर तारेचं कुंपण घातलं. आसपासच्या विहिरी कोरड्या ठाक. टँकर यायचा तो माणसांपुरता. तलावाच्या पोटात झिरा, पाझराचा खड्डा, खणला तरच जनावराला पाणी, आणि तलाव कुंपणापलीकडं. निम्म्या मेंढ्या गाभण होत्या. पाण्यावाचून त्या गाभ टाकणार हे दगडाबाईला कुणी सांगायला नको होतं.

पहिला उपाय अजिनाथनं केला. अजिनाथ तिच्या दिराचा पोरगा, अंगानं धिप्पाड, डोक्यानं गरम. एका पहाटे त्यानं पक्कडीनं तार तोडली आणि कळप आत घातला. मेंढरं पाणी पिऊन आली, पण पुढं शेळ्या होत्या. बद्रीनाथनं ओळीनं लावलेली रोपं त्यांनी बुंध्यापर्यंत ओरबाडली. मेंढरू जमिनीलगतचं खातं, शेळी मागच्या पायांवर उभी राहून शेंडा खाते. अजिनाथला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याला घाई होती.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं चौकीत तक्रार दिली आणि जेसीबी आणून वाटेवर आडवा चर खणला. त्या चरात एक गाभण मेंढी पडली, पाय मोडला. दोन दिवस कण्हत होती. दगडाबाई तिच्याजवळ बसून राहिली. मेंढी मेली तेव्हाच ती तिथून उठली.

दुसरा उपाय रामहरीचा. रामहरी तिचा थोरला, वाळूजला कंपनीत जायचा, कागद वाचणारा. गावच्या नकाशात ती गाडीवाट दाखवलेली होती. त्यानं तहसीलला रस्ता खुला करून द्या म्हणून अर्ज लावला. बद्रीनाथनं वकील दिला. एका तारखेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या तारखेला वकिलानं मुदत मागितली. स्थळपाहणी पुढं ढकलली. रामहरीचे कामावरचे खाडे वाढले.

“माय, निकाल आपल्याच बाजूनं लागतो,” तो म्हणायचा. “नकाशा खोटा बोलत नाय.”

“लागंल रे. कधी?”

“लागला तरी तो प्रांताकडं जाऊ शकतो. तिथून वर.”

“मेंढ्या कधी विणार ते तुला ठावं हाय का?”

रामहरीनं नकाशाची घडी घातली.

तोवर कळपाला लांबचा वळसा होता, डोंगर चढून उतरून. दोन मेंढ्यांनी वाटेतच गाभ टाकला. त्या संध्याकाळी अजिनाथ सिल्लोडकडची मामेभाऊ मंडळी बोलवायची म्हणाला. काठ्या घेऊन जायचं, चर बुजवायचा, बद्रीनाथ आडवा आला तर येऊ द्यायचं. दगडाबाईचा नवरा मुंजाबा, एरवी शांत माणूस, त्यानंही मान हलवली. बद्रीनाथकडंही प्लॉटवर राखणीला ठेवलेली चार माणसं होती. दगडाबाईच्या डोळ्यांपुढं चरात पडलेलं माणूस आलं. ते अजिनाथ असू शकत होतं.

सकाळी तिनं भंडारा कपाळाला लावला, साताऱ्याच्या खंडोबाचं नाव घेतलं आणि कुणाला न सांगता बद्रीनाथच्या पत्र्याच्या ऑफिसात गेली. तो दारातच उभा होता.

“तहसीलची केस मागं घ्यायला आली असशील तर बस, मावशी. नाहीतर आल्या पावली जा.”

“केस मागं घ्यायला नाय आले,” ती म्हणाली आणि बाहेर खाली मातीतच बसली. “तुझ्या बापाच्या रानात मी मेंढरं बसवलीत. तुला काय खुपतंय ते तुझ्या तोंडून ऐकायला आले.”

बद्रीनाथ आधी रोपांवरच बोलला. दर रविवारी गिऱ्हाईक येतं, बाग दाखवायची तर तिथं खुंटं. बोलता बोलता मात्र त्याचा आवाज खाली आला. खरी भीती वेगळीच होती. वाट सरळ दोन प्लॉटांना मधोमध चिरत जात होती, आणि दोन्ही प्लॉट विकलेले होते. तहसीलनं वाट खुली केली तर ते घेणारे पैसे परत मागत त्याच्या दारात बसणार होते.

दगडाबाईनं मातीत बोटानं एक वाकडी रेघ ओढली.

“मेंढराला वाट सरळच पायजे असं कुठंय? तुझ्या बांधाला ओढा हाय, त्याच्या कडंनं वाट दे. चर बुजव. पाणी मिळाल्याशी काम.”

“आणि शेळ्या?”

“बाकीच्या पालात बांधून ठेवीन. एक काजळी पुढं लागतीच, तिच्याबिगर कळप हालत नाय. तिला मुसकं घालीन.”

बद्रीनाथ हसला. “शेळीला मुसकं? मळणीच्या बैलावाणी?”

“माणसाला घालता येत नाय म्हणून,” ती म्हणाली.

तो हसायचा थांबला. रोपांना खत लागतं, महिन्यातून चार रात्री मेंढरं मोकळ्या जागेत बसव, असं त्यानंच सुचवलं. मग पुन्हा म्हणाला, केस काढून टाक.

“नाय काढणार. हेच तिथं लिहून द्यायचं, साहेबासमोर, दोघांनी सही करून. आज तू गोड हायस. पुढच्या साली तुझं मन फिरलं तर मी काय दाखवू?”

घरी मोठा गोंधळ झाला. अजिनाथला ती शरणागती वाटली. रामहरीला जास्त लागलं. नकाशातली वाट आपण होऊन सोडली, हक्क होता आपला, म्हणाला. ती त्याला खोटं ठरवू शकली नाही. ओढ्याची वाट अरुंद होती, पाणी आलं तर बुडणारी. नकाशातली वाट गेली ती गेलीच. पण तडजोडीचा कागद रामहरीनंच लिहिला आणि तहसीलदारांनी वाचून दोघांना विचारून तोच निकालात घेतला.

पहिल्या सकाळी दगडाबाईनं सुतळीचं मुसकं काजळीच्या तोंडाला बांधलं. काजळीनं डोकं झटकलं, पाय आपटले. बद्रीनाथ चर बुजवलेल्या जागेवर उभा, मागं त्याची राखणीची माणसं. अजिनाथ कळपाच्या शेवटी, हातात काठी; ती तिनं टाकायला सांगितली होती, त्यानं टाकली नव्हती.

नव्या रोपांपाशी काजळी थांबली. मागं सगळा कळप थांबला. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं कोवळ्या शेंड्याला तोंड लावलं. बद्रीनाथची माणसं पुढं सरकली. अजिनाथची पावलं मागनं जवळ येत असल्याचं दगडाबाईनं ऐकलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. हाळी दिली नाही, काजळीला हाकललंही नाही.

सुतळीच्या आतून काजळीनं शेंडा हुंगला, नाकानं ढकलला, पुन्हा हुंगला. मग खाली उतरली, नाराजीनं एकदा ओरडली आणि ओढ्याच्या कडेनं चालू लागली. मेंढरं माना खाली घालून तिच्या मागं.

“अजिनाथ,” दगडाबाई वळूनही न पाहता म्हणाली, “ती काठी दे इकडं. उतार घसरडा हाय.”

मागची पावलं थांबली. मग काठी तिच्या हातात आली. ती टेकत दगडाबाई कळपाच्या मागं पाण्याकडं उतरली.