इंद्रजीतचे पन्नास टक्के

छावणीच्या बाजारात मुनिराआपाचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथं आठवणीतले मार्क चालत नाहीत. आधी गुणपत्रिका टेबलावर, मग आपाचा हात कीबोर्डवर. यापायी गिऱ्हाईक कुरकुरतं, पण नोकरीचा अर्ज भरायला येतं तिच्याकडंच.

त्या दिवशी पिशोरचा इंद्रजीत आला, तो घाम पुसतच. चितेगावच्या एका कंपनीत केमिस्टची जागा होती, अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत, अट बीएस्सीला किमान पंचावन्न टक्के.

"मला पन्नासच हायेत," तो म्हणाला. "तरी भरून बघा."

शिक्षणाच्या रकान्यांत आपानं दहावी-बारावीचे टक्के पत्रिकेवरून उतरवले. डिप्लोमाचा सीजीपीए होता सात पॉइंट आठ. टक्के काढायला इंद्रजीतच्या मित्रानं त्याला साडेनऊनं गुणायला सांगितलं होतं.

"मित्राचं विद्यापीठ वेगळं, तुमचं वेगळं. तुमच्या पत्रिकेवर सूत्र नाही ना? मग दहापैकी सात पॉइंट आठ, आहे तसंच," आपा म्हणाली. "आता बीएस्सी. पन्नास कुठून आणले?"

"डिग्रीवर नुसतं सेकंड क्लास लिवलंय. सेकंड म्हंजी पंचेचाळीस ते साठ. मधला गोल आकडा धरला. सोळा वर्षं त्योच लिवतोय."

आपा डोक्याला हात लावून बसली. असला भला माणूस तिनं पाहिला नव्हता. लोक आकडा फुगवतात, यानं स्वतःचाच कापला होता, कदाचित!

"पत्रिका काढा!"

पहिलं वर्ष, पाचशेपैकी दोनशे एक्कावन्न. दुसरं, दोनशे एक्क्याऐंशी. तिसऱ्या वर्षाची पत्रिका घरीच राहिलेली. घड्याळात साडेचार. आपानं झरझर हिशेब केला: पंधराशेत पंचावन्न टक्के म्हणजे आठशे पंचवीस. हातात पाचशे बत्तीस. तिसऱ्या वर्षी दोनशे त्र्याण्णव हवेत.

इंद्रजीतनं बायकोला फोन लावला. "दीपमाला, पत्र्याच्या पेटीत बघ, फोटो धाड, लई घाई हाय!"

दोघंही फोनकडं टक लावून बसले. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसंही डोकावू लागली. चार बावन्नला फोटो आला. आपानं तो मोठा केला आणि तिच्या तोंडून आरोळीच निघाली. "तीनशे सहा!"

एकूण आठशे अडतीस. पंचावन्न पॉइंट सत्याऐंशी टक्के.

"छप्पन्न लिवा की," इंद्रजीत उड्या मारत म्हणाला.

"पत्रिकेपेक्षा एक कणही जास्त नाही," आपानं दटावलं. रकान्यात लिहिलं: द्वितीय श्रेणी, ८३८/१५००, ५५.८७. बटण दाबलं. अपात्र असल्याची लाल अक्षरं काही आली नाहीत, अर्ज गेला.

दुकानात टाळ्या पडल्या. इंद्रजीत मात्र खुर्चीत टेकला.

"आपा," तो हळूच म्हणाला, "पंचावन्नवाल्या नऊ जागा मी अर्ज न भरताच सोडून दिल्या व्हत्या."