पाण्याचा आकडा

माझ्या जावेवर मी जळत होते. हे सांगायची आता लाज वाटत नाही, कारण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, एक तिला सोडून. की तिलाही ठाऊक होतं आणि ती बोलत नव्हती? तसं असेल तर अजूनच राग येतो.

वणीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आमचे हे आणि धाकटे दीर मागे काचा घासतात, फ्रेमा बसवतात, आणि पुढे डोळे तपासायला मी. नंबर काढायचा आणि लेन्स बसवायचा कोर्स मी लग्नाआधीच नागपूरला केला होता. वीस वर्षं वणीत कोणाला चष्मा सोडून लेन्स घालायची असली की तो माझ्याकडेच यायचा. लग्न ठरायच्या पोरी तर आईचा पदर धरून यायच्या. "ताई, पाहाले येऊन राह्यले, तेवढा चष्मा लपवा." मी लपवायचे. गावात माझा मान होता.

मग दिरांचं लग्न झालं आणि घरात दुसरी डोळेवाली आली. चार वर्षांची डिग्री घेतलेली. तिच्यासाठी दिरांनी स्लिट लॅम्प आणला. त्यावर हनुवटी टेकवली की प्रकाशाची बारीक पट्टी बुबुळावर पडते, आणि पलीकडच्या स्टुलावर बसणाऱ्याला सगळं कितीतरी मोठं दिसतं. मी वीस वर्षं टॉर्च आणि हातातल्या भिंगावर काढली, तेव्हा कोणाला असलं काही सुचलं नव्हतं.

"ताई, तुमी पण बसा ना," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"राहू दे. मले टॉर्चनंच दिसते," मी म्हणाले. आणि पुढची चार वर्षं त्या स्टुलावर मी बसले नाही ते नाहीच.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण माझी मुलगीही तिच्याकडे ओढली गेली. काकू असं म्हणते, काकू तसं म्हणते, काकूसारखी वेणी घालून दे. पोटची पोर तिच्या खोलीत खिदळायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

या मुलीचा नंबर उणे नऊ. सहावीपासून जाड चष्मा, त्यावरून शाळेत चिडवाचिडवी. दहावी झाली तेव्हा मी स्वतः तिच्या डोळ्यात पहिली लेन्स ठेवली. आरशात पाहून ती रडली होती आणि मीही रडले होते. त्या दिवसापासून तिचे डोळे म्हणजे माझी जहागीर, असं मी धरून चालले. पुढे ती यवतमाळला नर्सिंगला गेली. सकाळी सहाला घातलेली लेन्स रात्री झोपतानाच काढायची. रविवारी घरी यायची.

एका दिवाळीत जावेनं तिला सहज त्या यंत्रासमोर बसवलं. नंतर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा माझ्याजवळ आली.

"ताई, पोरीच्या बुबुळाच्या कडेनं रक्ताच्या बारीक शिरा आत येऊन राह्यल्या. दोन्ही डोळ्यांत. तिले ऑक्सिजन कमी पडते. लेन्सचं मटेरियल बदलू."

शिरा कशाला येतात हे मला शिकवायची गरज नव्हती. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, त्यात रक्तवाहिन्या नसतातच, म्हणून तर तो पारदर्शक. तो आपला श्वास थेट हवेतून घेतो. त्यावर लेन्स बसली की हवा लेन्समधून झिरपून येईल तेवढीच. तीही फार दिवस कमी पडली की कडेच्या शिरा आत घुसायला लागतात. मला सगळं माहीत होतं. फक्त माझ्या लेन्समुळे, माझ्या पोरीला, हे मान्य नव्हतं.

"कोणती देतं मग?" मी विचारलं.

तिनं सिलिकॉन हायड्रोजेल म्हणतात त्या नव्या मटेरियलच्या लेन्सचा डबा पुढे ठेवला. मी डबा उलटा केला आणि पाण्याचा आकडा वाचला, म्हणजे लेन्समध्ये शंभरात किती भाग पाणी. आमच्या जुन्या हायड्रोजेल लेन्सपेक्षा कमी. हसूच आलं मला.

"हे पाय. पानी कमी. पानी कमी त हवा कमी. कॉलेजात हे नाही शिकवलं का तुले?"

आमच्या कोर्सात हेच घोकून घेतलं होतं. जुन्या लेन्समध्ये ऑक्सिजन पाण्यातून जातो, म्हणून पाणी जास्त तेवढी हवा जास्त. याच नेमावर मी वीस वर्षं डबे निवडले. कंपनीचा माणूस हा नवा डबा आधीही घेऊन आला होता. आकडा बघून मी त्याला चहा पाजला आणि डब्यासकट परत पाठवला.

"ते जुन्या मटेरियलचं खरं हाये ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "याच्यात हवा पान्यातून नाही, सिलिकॉनमधून जाते. पान्यापेक्षा कितीतरी सोपी जाते. म्हणून पानी कमी असूनही हवा जास्त. आन् पोरीचा नंबर मोठा. उणे नंबरची लेन्स कडेले जाड असते, त्यात जुनं मटेरियल. कडेलेच हवा नाही पोचत, तिथूनच शिरा येऊन राह्यल्या."

"एवढी चांगली हाये त सगळ्याइलेच काहून नाही देत? त्या मास्तरले त तू जुनीच ठेवली."

हे मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. दीडचा नंबर, रविवारी बॅडमिंटन खेळताना तेवढी लेन्स घालतात.

"त्याहिची लेन्स पातळ, दोन तास घालतात, डोळा साफ हाये. त्याहिले त्रासच नाही त कायले बदलाचं? नवी जराशी कडक असते, डोळ्यातल्या तेलकटपणानं कोणाची लवकर धुरकट होते. ज्याचा नंबर मोठा, जो दिवसभर घालते, ज्याच्या कडेले शिरा दिसतात, त्याले तिचा खरा फायदा."

बरोबर बोलत होती. आज कळतं. त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं, की मास्तराचे डोळे चांगले राहिले आणि तुझ्या पोरीचे तू बिघडवले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"माह्या पोरीचं मी पाहीन," मी म्हणाले. "तू तुही गिऱ्हाइकं पाय."

मी पाहिलं म्हणजे काय केलं? जुन्याच जातीतली, जास्त पाण्याची लेन्स मागवून दिली. तेवढ्यानं काय व्हायचं! पाणी वाढलं की ती लेन्स नाजूक होते, म्हणून जाड बनवतात, आणि पाण्यानं कमावलेली हवा जाडीत परत जाते. त्यात आमच्याकडचा उन्हाळा आणि रस्त्यावरची कोळशाची धूळ. दुपारपर्यंत लेन्स वाळून डोळ्याला चिकटायची. "आई, संध्याकाळी दिव्याभोवती धूर दिसते," पोर फोनवर सांगायची. "झोप कमी पडून राह्यली तुही," मी म्हणायचे. बुबुळावरचा पडदा सुजला की असंच दिसतं, हे ज्या बाईला माहीत होतं तीच मी. पण कबूल करायचं म्हणजे जावेपुढे मान खाली घालायची. त्यापेक्षा झोपेवर ढकललेलं बरं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मी घरून दुकानात आले, तर पोर जावेच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसलेली. घरी यायच्या आधी इथे! मी दारातच पेटले.

"वा! माह्या पाठीमागं चाललं हे? चोरून पोरीले बोलावतं? तुले स्वतःचं लेकरू होईल तवा समजन!"

हे शेवटचं बोलायला नको होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. तिनं हातातलं कार्ड माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. पोर मात्र उठली.

"चोरून नाही आई. सगळं कार्डावर लिवलं हाये. तुह्याच डब्यात ठेवते काकू. तू कवा काढून पाह्यलं?"

कार्डांची पद्धत सासऱ्यांची. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक जाड कार्ड, त्यावर दोन गोल म्हणजे दोन डोळे, आणि जे दिसेल ते काढायचं. रक्त लाल पेन्सिलीनं. कार्डांचा तो पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर, माझ्या हाताशी. गावाची कार्डं मी रोज काढायचे. पोरीचं कधीच काढलं नव्हतं. आईला कार्ड कशाला लागतं!

मी डबा उघडला. दिवाळीचे दोन गोल, कडेनं लाल केसांसारख्या चार-पाच रेघा. संक्रांतीचे दोन गोल, रेघा लांब. आजच्या तारखेचा एक गोल अर्धवट, रेघा आणखी आत. आधीच्या दोन्ही वेळी खाली तोच मजकूर, जावेच्या अक्षरात: 'अर्धा दिवस चष्मा वापरायला सांगितलं. लेन्स बदलणं ताईंच्या हाती. ताईंनी पाहावं.' दुसऱ्या वेळी 'पाहावं'खाली रेघ मारलेली.

माझ्या टेबलावर, माझ्या डब्यात नऊ महिने ते कार्ड उभं होतं.

मी स्टुलावर बसले. नागपूरच्या कोर्सात असलं यंत्र हाताळलं होतं, ते विसरलं नव्हतं. पोरीनं हनुवटी टेकवली. प्रकाशाची पट्टी कडेवर आणली आणि शिरा दिसल्या. लालभडक, जिवंत, फाटे फुटलेल्या. बाहुलीपर्यंत पोचल्या नव्हत्या, पण तोंड तिकडेच होतं. टॉर्चमध्ये हे मला कधी दिसलं नसतं. व माय, काय करून बसले मी!

"दे तो डबा," मी जावेला म्हणाले. तिनं लगेच दिला नाही. आधी म्हणाली, "दोन आठवडे नुसता चष्मा." मग पोरीला बजावलं की ही घालूनही झोपायचं नाही, हवा जास्त मिळाली म्हणून जंतू थांबत नाहीत. मी सगळं कार्डावर उतरवून घेतलं. माफी मागायची होती, त्या लेकराच्या बोलण्याची. ती मागायला मला आणखी तीन दिवस लागले, आणि मागितली तीही पोळ्या लाटताना, तिच्याकडे न बघता. ती "बरं" म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

नवी लेन्स पोरीला पहिले चार दिवस टोचली. मग विसरली. संध्याकाळचा धूर गेला.

यंदा होळीला ती घरी आली तेव्हा मी तिला स्वतःहून बसवलं. पट्टी फिरवली. लाल काहीच नव्हतं. मला रडूच फुटणार होतं. मग उजेड जरा तिरपा केला आणि त्या दिसल्या. रक्त उतरलेल्या, फिक्या, रिकाम्या शिरा. जिथवर आल्या होत्या तिथवर तशाच.

"काय दिसते आई?"

"रक्त गेलं. नळ्या राह्यल्या."

"जातीन का?"

"नाही. त्या राहतात." मी यंत्रावरून डोळे काढले. "दिवाळीतच काकूचं ऐकलं असतं त एवढ्या आत आल्या नसत्या. माह्यामुळं आल्या."

मी कार्ड घेतलं. लाल पेन्सिल इथे चालत नव्हती. साधी पेन्सिल घेऊन दोन गोलांत फिक्या रेघा काढल्या, एकेक, होत्या तेवढ्या लांब.

"मी पाहू का ताई?" मागून जावेनं विचारलं.

आणि खरं सांगते, एवढं होऊनही मी जळलेच. माझी पोर, माझी पाळी, हिला कशाला मधे यायचं! मग मी उठले आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.