बारा दावणींची दुरुस्ती

पाटोद्याजवळच्या दूध शीतकरण केंद्रात मी सहा वर्षं पर्यवेक्षक होते. सहकारी संघाचं केंद्र. आसपासच्या गावांतल्या दूध संस्थांचे कॅन सकाळी यायचे, उतरवायच्या धक्क्यावर तपासले जायचे, मग दूध थंड होऊन टँकरने मुख्य डेअरीला जायचं. माझं काम गावांतलं. संस्थांना भेटी द्यायच्या, जनावरांचं खाणंपिणं बघायचं, लसीकरणाच्या तारखा लावायच्या. नवऱ्याची बदली नगरला झाली आणि मलाही तिकडच्याच एका डेअरीत जागा मिळाली, म्हणून मी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी सकाळी कामाची सोपवासोपव झाली. साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, नारळ आणि शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. "मी मेल करते," एवढंच कसंबसं म्हणाले आणि आत पळाले.

संघाने आम्हाला ईमेलचे पत्ते दिले होते, पण ते वापरायचे फक्त अहवाल पाठवायला. निरोपाचा मेल केंद्रातून कुणी लिहिलेला मला आठवत नव्हता. मी इंटरनेटवर शोधलं, चार नमुने वाचले आणि एक झकास मजकूर तयार केला. 'हा प्रवास अविस्मरणीय होता. आपल्या सर्वांच्या सहकार्याने मी समृद्ध झाले. आपणा सर्वांची सदैव ऋणी राहीन.' चांगला पानभर झाला.

पाठवण्याआधी तो शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटर ऑपरेटर बाईंना दाखवला. त्या माझ्याच वयाच्या, पाटोद्याच्याच. डबा आम्ही रोज एकत्र खायचो. त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं.

"लई भारी हाय," त्या म्हणाल्या. "पण यातलं केंद्राचं नाव काढलं तर माझ्या भावाच्या पुण्याच्या कंपनीत बी चालंल."

"म्हणजे?"

"म्हणजे आमी कुठं हावोत यात? मी न्हाई, केमिस्ट सर न्हाईत, मामा न्हाईत. समृद्ध झाले म्हणं. कशानं झालात त्ये तरी लिहा. अन् एवढं लांब धक्क्यावर उभं राहून कोण वाचणार?"

मला राग आला. पण त्यांचं खरं होतं, म्हणून जास्त आला. सगळं पुसलं आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. पाचला माझा पत्ता बंद होणार होता, तसं संघाच्या कार्यालयातून कळवलं होतं. घड्याळात पावणेदोन.

साहेबांचं चटकन सुचलं. पहिल्या महिन्यात मी लसींची पेटी घेऊन भलत्याच गावाला गेले होते. सारख्या नावाची दोन गावं. परत आले तेव्हा केंद्रातले सगळे हसत होते, साहेब सोडून. ते म्हणाले, "बर्फ वितळला नाही ना? मग झालं." तेच लिहिलं.

मग मामा. मामा म्हणजे आमच्या कॅनच्या गाडीचे चालक. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एकच होतं. दुष्काळाच्या साली दुपारी रिकामे कॅन परत न्यायचे तेव्हा ते मधोमध स्वतःचे दोन ड्रम ठेवायचे, केंद्राच्या बोअरवर भरलेले. वाटेत एक वस्ती होती, तिथं टँकर चार-चार दिवस यायचा नाही. मामा ड्रम तिथं रिकामे करायचे आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायचे. मी त्या गाडीतून कित्येकदा गेले होते. ड्रम उतरवायला हातही लावला होता. ते मी तीन ओळींत लिहिलं आणि लिहिताना डोळे पुसले.

तेवढ्यात मामा निरोपाचा पेढा घ्यायला आले. मी वाचून दाखवलं. त्यांचा हात पेढ्यासकट तसाच राहिला.

"ताई, त्ये तेवढं लिहू नका."

"का हो? चांगलंच तर केलंत."

"चांगलं केलं, पण दुधाच्या गाडीत कॅनबिगर काही ठेवायचं न्हाई असा कायदा हाय. तुमचं हे सायबाला जाणार, संघाला जाणार. तुमी जाल नगरला. मी हितंच हाय."

माझी कृतज्ञता त्यांच्या नोकरीवर बेतली असती, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

"मग काय लिहू तुमच्याबद्दल?"

"काय बी लिहा. न्हाई तर राहू द्या," ते म्हणाले. पण दारात थांबले. "फाट्यावर तुमी पळत येताना दिसल्या की मी थांबायचो का न्हाई? त्ये लिहा. त्याला कायदा न्हाई."

त्या ओळी मी काढल्या. त्या जागी फाट्याचं लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं, हेही खरंच होतं की. सहा वर्षांत एकदाही मामांनी 'उशीर झाला' म्हटलं नव्हतं.

आता राहिले केमिस्ट सर.

त्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पांढरा कोट रोज इस्त्रीचा. धक्क्यावर दुधाचं फॅट आणि डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसणारा दाटपणा, तेच बघायचे. आकडा बसला नाही की कॅन परत, मग आणणारा कोणीही असो. दुष्काळात आष्टीच्या रस्त्याला जनावरांची छावणी लागली. तिथलं दूध यायला लागलं आणि त्याला डिग्रीच लागेना. पाणी घातलंय, म्हणून सरांनी ओळीने तीन दिवस कॅन परत लावले. छावणीतले लोक माझ्यावर तुटून पडले. मी धक्क्यावर सगळ्यांदेखत सरांना म्हणाले, "तुम्हाला काचेच्या नळीपलीकडे काही दिसतच नाही." त्या रविवारी सकाळी सहाला मी छावणीवर पोचले तर ते तोंडाशी उभे, खांद्याला पिशवी. त्यात लॅक्टोमीटर, नळी, बाटल्या.

"मालकाने माझ्यासमोर धार काढायची," एवढंच म्हणाले.

प्रत्येक दावणीपुढे ते उकिडवे बसले. कोरड्या चरवीत समोर धार काढायला लावली, दूध ढवळून, फेस बसू देऊन मोजलं, आकडा मालकाला वाचून दाखवला, वहीत लिहिला. सगळीकडे तोच प्रकार. समोर काढलेल्या दुधालाही डिग्री कमीच. कुणी पाणी घातलं नव्हतं. जनावरं महिनाभर नुसतं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खात होती, दुधात उतरणार काय? शेवटची म्हैस उरकेपर्यंत ऊन चढलं. सर उठले तेव्हा गुडघे धरून उठले. सगळे मालक गोळा झाले होते. त्यांच्यापुढे ते म्हणाले, "मी तुम्हाला पाणी घालणारे म्हणालो. चूक झाली." दुसऱ्या दिवशी त्यांनी नमुन्यांचे आकडे लावून संघाला पत्र लिहिलं, छावणीचं दूध वेगळं धरून स्वीकारायची परवानगी आणली, आणि पेंड व क्षारमिश्रणाची मागणीही त्यातच केली.

धक्क्यावर बोलले त्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. त्यांनीही विषय काढला नाही. तीन वर्षं आम्ही 'नमुना घ्या', 'घेतला' एवढंच बोलत राहिलो.

ती ओळ लिहायला मला अर्धा तास लागला. शेवटी मेल असा झाला.

*विषय: आज माझा शेवटचा दिवस*

*सगळ्यांना नमस्कार,*

*आज पाचला मी इथून मोकळी होते आहे.*

*साहेब, मी लस घेऊन भलत्या गावाला गेले तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणून पुढची सहा वर्षं टिकले.*

*मामा, फाट्यावर मी पळत येताना दिसले की तुम्ही गाडी थांबवलीत. एकदाही 'उशीर झाला' म्हणाला नाहीत.*

*ऑपरेटर बाई, तुमच्या डब्यातलं शेंगदाण्याचं म्हाद्या मी अर्ध्याहून जास्त खाल्लं. तुम्ही कधी मोजलं नाही.*

*केमिस्ट सर, छावणीत अकरा दावणींपुढे उकिडवं बसून तुम्ही दूध तपासलंत आणि चूक झाली म्हणालात. धक्क्यावर मी जे बोलले त्याची माफी मागायची राहिली होती. आज मागते.*

*माझ्या मार्गावरच्या भेटींची वही आणि लसीकरणाचं वेळापत्रक साहेबांकडे दिलं आहे. माझा घरचा पत्ता आणि फोन खाली आहे. नगरला आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाही.*

ऑपरेटर बाईंनी वाचलं. या खेपेला नुसती मान हलवली आणि पदराने चष्मा पुसला. मी पाठवलं. साडेतीन झाले होते. मामांना मेलचा पत्ता नव्हता, म्हणून बाई धक्क्यावर जाऊन त्यांना त्यांची ओळ वाचून दाखवून आल्या.

साहेबांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, 'शुभेच्छा, कळवत राहा.' प्रयोगशाळेतून काहीच नाही. मी टेबल आवरलं, खण पुसला. चार वाजले, सव्वाचार वाजले. प्रयोगशाळेचं दार बंदच. वाटलं, सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये ते लिहायला नको होतं. जुनी गोष्ट, त्यांना चारचौघांत अवघडल्यासारखं झालं असेल.

साडेचारला ते आले. हातात कागद, त्यावर माझा मेल छापलेला. एका शब्दाखाली पेनने रेघ.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय, सर?"

"अकरा नव्हेत. बारा दावणी."

मी पडद्यावर मेल पुन्हा उघडला.

"एका म्हशीने पान्हा सोडला नव्हता. ती म्हातारी रडकुंडीला आली होती, तिचं एकच जनावर. आपण चहा पिऊन परत गेलो तिच्याकडे. तुम्हीच पाठ थोपटत होतात त्या म्हशीची." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "तिचा नमुना राहिला असता तर तिच्या एकटीवर संशय राहिला असता. म्हणून म्हटलं, बारा."

"खरंच की," मी म्हणाले.

"अजून वेळ आहे ना? दुरुस्ती पाठवा."

आणि मी पाठवली. त्याच सगळ्यांना, पाचला पंधरा मिनिटं कमी असताना: 'दुरुस्ती. अकरा नव्हे, बारा दावणी. केमिस्ट सरांनी लक्षात आणून दिलं.' सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून मजकूर बघत होते. पाठवल्याचं दिसल्यावर त्यांनी कागदाची नीट चौकोनी घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"माफीचं काय, सर?" मी विचारलं.

"ते बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. मग दाराकडे जाता जाता, "तुम्ही तेव्हा बोलला नसतात तर मी छावणीत आलो नसतो."

पाचला पडद्यावर माझा पत्ता उघडेना. मामांनी मला फाट्यापर्यंत सोडलं, नगरची गाडी तिथून धरायची होती. मी उतरताना ते म्हणाले, "तिकडं दूध चांगलं हाय म्हणं, पाण्याचा भाग हाय." मी म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरात भांडी लावत होते तर फोन वाजला. ऑपरेटर बाई. लसीकरणाचं वेळापत्रक साहेबांना सापडत नव्हतं. ते साहेबांकडे दिलेल्या नेमक्या कोणत्या पिशवीत ठेवलंय हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण आम्ही पाऊण तास बोलत होतो.