डावा रकाना झाकून

"कागदावर स्पष्ट लिहिलंय, वहिनी. तू वाचलंच नसशील."

"शब्दन् शब्द वाचलाय. इथेच, या खुर्चीत बसून. आईंना विचार."

"मग थेंब बंद कसे झाले?"

"ते तुझ्या कागदाला विचार."

वहिनीने फरसबीची टोपली टेबलावर आपटली. खुर्चीत बसलेल्या आईंचा उजवा डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी येत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. सकाळी तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि एवढंच विचारलं, "थेंब कधी बंद केलेत?" केले होते, तीन दिवसांपूर्वी. आत सूज होती. नशीब, वेळेत आलात, असं म्हणून त्यांनी पुन्हा थेंब सुरू करायला सांगितले आणि आठ दिवसांनी बोलावलं. घरी येईपर्यंत नणंद-भावजयीत सुरू झालेलं अजून थांबलं नव्हतं.

नणंदेला घरात 'कागदवाली' म्हणत. दवाखान्यांचे कागद इंग्रजीतून मराठीत होऊन यायचे, ते तपासणं हेच तिचं काम, म्हणून. लग्न टिकलं नाही तेव्हा ती भावाकडे आली, येताना दोन बॅगा आणि एक संगणक घेऊन. गेली बारा वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर तो संगणक होता आणि त्याच्यासमोर ती होती.

"पुन्हा वाच," ती वहिनीला म्हणाली. "माझ्यासमोर वाच."

वहिनीने हात पुसले, चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं, "थेंब वापरणे चालू ठेवा, जोपर्यंत तुम्हाला ते थांबवण्यास सांगितले जात नाही, जरी तुमचा डोळा पूर्णपणे बरा झाल्याचे दिसत असले तरीही."

"हेच," आई म्हणाल्या. "डोळा बरा झालेला दिसला की थांबवा. आरशात बघितलं, स्वच्छ दिसला. मीच म्हटलं हिला, राहू दे आता."

"आई, उलट लिहिलंय. सांगेपर्यंत थांबवू नका असं आहे ते."

"मग तसं म्हणायचं ना. तिथपर्यंत पोचता पोचता मला आठवेना कशाबद्दल चाललंय. शेवटचं ऐकलं, तेवढं लक्षात राहिलं."

कागदवालीने वहिनीच्या हातून कागद घेतला. ओळ बरोबर होती, एकही शब्द चुकला नव्हता. मग तिची नजर खाली गेली. तळाला बारीक अक्षरात कागदाचा क्रमांक होता, त्याच्यापुढे महिना आणि तपासणाऱ्याची खूण. खूण तिचीच होती.

ती कागद घेऊन खिडकीजवळ जाऊन बसली.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"माझा आहे."

"काय?"

"कागद. मीच पास केलाय, मार्चमध्ये."

वहिनी जिंकली होती. तिने फरसबी निवडायला घेतली.

कागदवालीने फाइल उघडली. पडदा नेहमीसारखाच होता. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात मराठी, एका वाक्याला एक चौकट. ती ओळ सापडली. तिने डावीकडे वाचलं, उजवीकडे वाचलं. काही खटकलं नाही. पुन्हा वाचलं, तरी खटकेना. याचीच तिला भीती वाटली. समोर लाल डोळा बसलेला असताना तिला हे वाक्य अजूनही बरं वाटत होतं.

ती तरुणपणी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे दोघं दोघं बसत. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा छापील कागदावरून बोट फिरवायचा. बोजड वाक्य आलं की वाचणाऱ्याचा दम तुटायचा आणि तिथेच पेन्सिलीची खूण व्हायची. भाषांतराच्या एजन्सीत आली तेव्हा सुरुवातीला तिने असंच काम केलं. दिसलं वाक्य की मोडून नीट लिहायची. महिन्याभरात शेरा आला, 'अनावश्यक बदल'. चुका नोंदवायच्या खान्यांमध्ये अर्थ होता, आकडा होता, संज्ञा होती, शुद्धलेखन होतं. 'असं कुणी बोलत नाही' याला खाना नव्हता. ज्याला खाना नाही ती चूक नाही, ती तुमची आवड, आणि आवडीपायी वाक्य बदललं की गुण कापले जायचे. दोन वर्षांत ती शहाणी झाली. आधी बोजड वाक्यं सोडून द्यायला लागली, मग ती दिसेनाशी झाली.

दिसेनाशी कशी होतात ते आज तिच्या लक्षात येत होतं. डावीकडचं आधी वाचलं की अर्थ डोक्यात तयार होतो. मग उजवीकडे शब्द कसेही मांडलेले असोत, डोकं ते आपलं आपण लावून घेतं. आईंच्या हातातल्या कागदावर डावा रकाना नव्हता.

तिने वर्तमानपत्राची घडी केली आणि चिकटपट्टीने पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागावर लावली.

"वहिनी, तू निवडत बस. मी वाचते, तू फक्त ऐक."

"माझी परीक्षा घेतेस?"

"माझीच घेतेय."

वहिनी सुरीने फरसबी चिरू लागली आणि कागदवाली वाचू लागली. शुक्रवारी द्यायचा साठ कागदांचा नवा गठ्ठा होता, गुडघा, कान, पोट, सगळ्यांचा, आणि पहिलाच कागद डोळ्याचा, मार्चमधल्या त्या ओळीसकट. "हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की पहिल्या काही दिवसांसाठी तुमची दृष्टी धूसर असू शकते."

सुरी थांबली. "काय लक्षात घ्यायचं म्हणालीस?"

"पहिले काही दिवस अंधुक दिसू शकतं."

"मग असं म्हण की," सुरी पुन्हा चालू झाली.

"परिचारिकेद्वारे तुम्हाला एक कार्ड दिले जाईल."

"नर्स कार्ड देईल, एवढंच ना? द्वारे कशाला मध्ये? आणि एकच देणार हे काय बजावून सांगायचंय?"

"तुमच्या डोळ्याला स्पर्श करण्यापूर्वी तुम्ही तुमचे हात धुतल्याची खात्री करा."

"खात्री कुणी करायची? शेजारणीला बोलवायचं का बघायला?"

खुर्चीतून आई हसल्या आणि डोळा दुखला म्हणून लगेच गप्प झाल्या. कागदवालीने लिहिलं, 'डोळ्याला हात लावण्याआधी हात धुवा.' सुरी थांबली नाही. मग ती त्या ओळीवर आली. पडद्याकडे न बघता आईंना म्हणाली, "आई, ऐक. डोळा अगदी बरा दिसला तरी थेंब बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करा."

"हे कळलं," आई म्हणाल्या. "हे आधी का नाही लिहिलंस?"

तिने वर्तमानपत्र उचलून डावीकडे पाहिलं, काही सुटलं तर नाही ना, काही आपल्या पदरचं घातलं तर नाही ना. अंधुक दिसण्यापुढे तिने 'घाबरू नका' लिहून टाकलं होतं. मुळात ते नव्हतं, म्हणून खोडलं. पुन्हा घडी लावली.

चार कागद झाल्यावर तिला कळलं की तेच वाक्य पाचव्यातही आहे. कानाच्या थेंबांत, पोटाच्या गोळ्यांत, मलमात. 'चालू ठेवा, जोपर्यंत.' एकदा पास झालेलं वाक्य एजन्सीच्या संगणकातल्या साठ्यात जातं आणि पुढे तसं वाक्य आलं की आपोआप येऊन बसतं. मार्चमधली तिची एक टिचकी किती घरांत पोचली असेल, ते तिने मोजलं नाही.

तिने एजन्सीतल्या समन्वयकाला फोन लावला. मुलगा नम्र होता, सगळ्यांना मॅडम म्हणायचा.

"मॅडम, मी तुमची चिंता समजू शकतो."

"समजून घेऊ नकोस, ऐक. ते वाक्य साठ्यातून बदलायचंय."

"वाक्यामध्ये नेमकी कोणती चूक आहे, मॅडम?"

"ऐकणाऱ्याला कळत नाही."

"पण अर्थ बरोबर आहे. डावीकडे बघा ना, मॅडम."

"डावीकडे बघूनच बारा वर्षं गेली. माझ्या आईने थेंब बंद केले, डोळा सुजला."

"हे ऐकून मला वाईट वाटलं. पण दवाखान्याने तो कागद मंजूर केलाय. तुम्ही साठही कागद बदलून पाठवलेत तर ते अनावश्यक बदलात धरलं जाईल. तुमचे दोन शेरे आधीच आहेत. तिसऱ्याला तपासणाऱ्यांच्या यादीतून नाव जातं, माझ्या हातात नसतं."

"आणि तसेच पाठवले तर?"

"तर काहीच प्रश्न नाही, मॅडम."

तिने फोन ठेवला. त्या पोराचा राग करावा तर त्याचीही बोली त्या कागदांसारखीच झाली होती. 'मी तुमची चिंता समजू शकतो' असं त्याची आई तरी त्याला म्हणाली असेल का?

दुपारी भाऊ जेवायला आला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "आमच्या लिफ्टमध्येही लावलंय. 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहण्याची खात्री करा.' माणसं त्या पाटीलाच टेकून उभी असतात."

"तू काय करतोस?"

"मी खडूने लिहितो, दाराला टेकू नका."

"मग?"

"साहेब पुसायला लावतात." त्याने घास घेतला. "हे बघ, आठवडाभर गप्प बस. आईचा डोळा बरा झाला की तूच विसरशील. दुसरीकडे कुठे मिळणार आहे तुला हे काम? सगळ्या एजन्स्या एकाच माळेचे मणी."

"अहो, तिला बोलू द्या," वहिनी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती नणंदेच्या बाजूने बोलली होती आणि तिचं तिलाच ते आवडलेलं दिसलं नाही.

"दादा बरोबर बोलतोय," कागदवाली म्हणाली. "विसरेन मी. एकदा विसरलेच होते ना."

ती उठली. टेबलावरची ताटं एकेक करून तिने ओट्यावर नेऊन ठेवली, भावाचं अर्धं राहिलेलं ताटसुद्धा. मग संगणक उचलून जेवणाच्या टेबलाच्या मधोमध आणून ठेवला, पडद्यावरची वर्तमानपत्राची घडी तशीच होती. आईंच्या औषधाची बाटली हलवून तिने दोन थेंब त्यांच्या डोळ्यात टाकले आणि झाकण लावलं.

"साठही कागद नव्याने लिहून शुक्रवारी पाठवणार आहे," ती म्हणाली. "त्या वाक्याचा बदल 'अर्थ चुकीचा' या खान्यात टाकणार आणि कारण म्हणून आईचा डोळा लिहिणार. शनिवारी माझं नाव यादीतून गेलेलं असेल. तोवर हे टेबल माझं. तुम्ही सगळे ओट्यापाशी जेवायचं. वहिनी, भाजी इथे बसून चिरायची."