हिंमतराव गोड बोलायला लागले तेव्हा

वारज्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला पाटी आहे : ‘आत रात्रपाळीची नर्स झोपली आहे. दुपारी दोनच्या आत बेल वाजवणाऱ्यास इंजेक्शन दिले जाईल.’ आधी तिथं ‘कृपया’वाली पाटी होती, पण कृपयाला पुण्यात विचारतो कोण! नवी पाटी प्रियदर्शनी वाघमारेनं स्वतः रंगवली. भंडाऱ्याहून येऊन बारा वर्षं झाली, तेवढं पुणं अंगात मुरायचंच.

तरी शेजारीण म्हणतेच, “तुमचं बरं आहे हो, दिवसभर ताणून द्यायची!” ताणून कसली? सकाळी नऊला घरी यायचं, दहाला डोळा लागतो न लागतो तोच भंगारवाल्याची आरोळी. दोनला लेक अपेक्षा शाळेतून येते, तिचा अभ्यास, मग पोळ्या, आणि सातला स्कूटीला किक. पण तक्रार तिच्या तोंडून ऐकली असेल तर शपथ.

त्या दिवशी संकष्टी होती. कर्वेनगरातल्या त्या रुग्णालयात पावणेआठला संध्याकाळच्या सिस्टरनं प्रियदर्शनीला खाटेखाटेपाशी नेऊन पेशंट ताब्यात दिले : कुणाचं सलाइन किती उरलंय, कुणाला ताप, कुणाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. नऊ पेशंट, एक नर्स, आणि सोबतीला मुक्ताईमावशी. मावशींना चाकांच्या खुर्चीपासून रडणाऱ्या सुनांपर्यंत सगळं सावरता येतं.

चार नंबरच्या खोलीत हिंमतराव शितोळे. वय एकाहत्तर, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, मधुमेह जुना, आणि जीभ त्याहून जुनी. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात सगळी सरकारी नोकरी गेली, ती सवय काही गेली नव्हती. प्रियदर्शनीनं इन्सुलिन भरलं की ते सिरिंज उजेडात धरायला लावत.

“चौदा युनिट म्हणजे चौदाच ना?”

“चौदाच, काका.”

“बघू. दुकानदारही असंच म्हणायचे.”

साध्या इन्सुलिनचा नियम सोपा आहे : ताट समोर आलं की सुई, आणि सुईनंतर अर्ध्या तासात पोटात घास. इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढतं. वरून अन्न आलं नाही तर ते ओढतच राहतं. साडेआठला ताट आलं, प्रियदर्शनीनं सुई दिली आणि “लगेच जेवा” म्हणून बजावलं. तेवढ्यात नऊ नंबरच्या आजींचा सलाइनचा हात सुजला. तिथली सुई काढून दुसऱ्या हाताला लावेपर्यंत पाऊण तास गेला. परत येताना हिंमतरावांच्या पत्नी सुशीलाबाई दारातच भेटल्या.

“झालं हो यांचं जेवण!”

प्रियदर्शनीनं फाइलमध्ये लिहिलं, ‘रात्रीचे जेवण घेतले.’ ताट काही पाहिलं नाही. इथं ती चुकली, सांगून टाकलेलं बरं.

पावणेबाराच्या फेरीला ती चार नंबरमध्ये शिरली. एरवी “आलात? बरं झालं, झोप लागत होती,” असं स्वागत व्हायचं. आज हिंमतराव डोळे अर्धे मिटून म्हणाले, “या ताई, या. आपण फार गुणी आहात. आपले उपकार कसे फेडू?”

प्रियदर्शनी खाटेपाशी धावली. हिंमतराव शितोळे आणि उपकार? हा माणूस शुद्धीत असताना असं बोलणं शक्यच नाही!

तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला. गार, घामानं चिंब. त्यांच्या हाताची बोटं थरथरत होती. बोट टोचून थेंब पट्टीवर घेतला. मशीननं आकडा दाखवला : अडतीस. साखर सत्तरच्या खाली गेली की धावपळ करायची, ही तर जवळजवळ त्याच्या निम्म्यावर आली होती. अशात मेंदूला साखर मिळेना की झटके येतात, माणूस हातचा जातो.

“मावशी, ट्रॉली!”

सुशीलाबाई गडबडीनं साखर-पाणी घेऊन आल्या. “नको, काकू. गिळायची शुद्ध नाही त्यांना, फुप्फुसात जाईल.” फोन खांद्यानं कानाशी दाबून तिनं ड्यूटीवरच्या डॉ. तेजसना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज सुरू करा, मी आलोच.” आधी थोडं सलाइन ढकलून तिनं शीर नीट चालू असल्याची खात्री केली, कारण हे साखरेचं द्रावण शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. मग शंभर मिलिलिटर, सावकाश. हात तिचा स्थिर होता.

डॉक्टर आले, तपासलं. पंधरा मिनिटं गेली. प्रियदर्शनीनं पुन्हा बोट टोचलं : एकशे अठरा. हिंमतरावांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि छताकडे बोट केलं.

“तीन दिवे कशाला? बिल पेशंटच्याच माथी ना?”

आयुष्यात इतकं गोड वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

आता पोटात अन्न हवं, नाहीतर तासाभरात साखर पुन्हा घसरणार. “पण हे जेवले होते ना?” डॉक्टरांनी विचारलं. सुशीलाबाईंचा बांध फुटला. खाटेशेजारचं कपाट उघडून त्यांनी आतून ताट काढलं, जसंच्या तसं. चंद्रोदय पंचांगात दहाच्या सुमाराला होता. खिडकीसमोर बारा मजली इमारत. चंद्र पाहिल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे हिंमतरावांचं पन्नास वर्षांचं व्रत. वाट पाहता पाहता त्यांना गुंगी आली. सिस्टर रागावतील म्हणून बाईंनी आधीच खोटं सांगून ताट लपवलं होतं.

“माझ्यामुळं झालं हो,” त्या रडू लागल्या.

प्रियदर्शनीनं त्यांचा हात धरला. रागावली नाही. “मावशी, गच्चीवर जा आणि चंद्राचा फोटो काढून आणा.”

फोटो आला. हिंमतरावांनी मोबाइल जवळ धरला. “आजचाच कशावरून?”

“वेळ आहे खाली, बारा वाजून सोळा मिनिटं,” मुक्ताईमावशी धापा टाकत म्हणाल्या. “चार जिने चढून आणलाय. आता गिळा!”

गिळलं. दोन पोळ्या, भाजी, वर दूध.

पुढं तासातासाला साखर तपासत पहाट झाली. मधल्या वेळात प्रियदर्शनी घटनेचा अहवाल लिहायला बसली. पेन हातात नुसतंच राहिलं. पुढच्या महिन्यात वॉर्ड-इन्चार्जची जागा भरायची होती आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. डॉ. तेजस हळूच म्हणाले, “नातेवाइकांनी चुकीची माहिती दिली, एवढंच लिहा. खरंच आहे ते.”

खरंच होतं, पण अर्धं. तिनं लिहिलं : ‘ताट स्वतः न पाहता जेवण घेतल्याची नोंद केली.’ खाली सही.

आठला हँडओव्हर. खाटेपाशी उभं राहून तिनं दिवसाच्या सिस्टरला सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. हिंमतराव डोळे मिटून पडले होते. झोपले असावेत असं तिला वाटलं.

“एकतीस वर्षं मापं तपासली मी,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “आमचं माप कमी भरतंय असं आपणहून सांगणारा एक दुकानदार भेटला नाही.”

प्रियदर्शनीनं त्यांचं पांघरूण नीट केलं.

“उभ्या काय राहिलात? घरी जा. आणि सकाळचा चहा गार होता.”

इन्चार्जच्या जागेचं काय होईल, तिला ठाऊक नव्हतं. पण त्याच दिवशी रात्री साडेआठला सुई देऊन ती नऊ नंबरच्या आजींकडं गेली आणि वीस मिनिटांत परत आली, तेव्हा हिंमतराव उशीला टेकून बसले होते. दोन्ही हातांनी रिकामं ताट उजेडात धरून, दाराकडं तोंड करून.

“या, सिस्टर,” ते म्हणाले. “तपासून घ्या.”